विषम घाताच्या बहुपदीला वास्तव मूळ का असतेच?

वास्तव सहगुणक असलेल्या विषम घाताच्या प्रत्येक बहुपदीला किमान एक वास्तव मूळ असते. उदाहरणार्थ, p(x) = x³ − 2x − 5 घेऊ. x³ सामाईक काढल्यास ती x³(1 − 2/x² − 5/x³) अशी लिहिता येते. x चे मूल्य शून्यापासून खूप दूर असेल, तर कंसाची किंमत 1 च्या जवळ जाते आणि p(x) चे चिन्ह x³ प्रमाणेच राहते. म्हणून p(10) = 975, तर p(−10) = −985. घात विषम असल्यानेच दोन्ही टोकांची चिन्हे विरुद्ध येतात. अग्र सहगुणक ऋण असल्यास ती फक्त उलटतात.

बहुपदीचा आलेख अखंड असतो. त्यामुळे ऋण बाजूकडून धन बाजूकडे जाताना त्याला X-अक्ष ओलांडावाच लागतो. हेच मध्यमूल्य प्रमेय. येथे p(2) = −1 आणि p(3) = 16, म्हणून मूळ 2 आणि 3 यांच्या दरम्यान आहे. p(2.09) ऋण व p(2.1) धन असल्याने ते सुमारे 2.09 आहे.

सम घाताला ही खात्री नाही: x² + 1 ची दोन्ही टोके वरच जातात आणि तिला वास्तव मूळ नाही. तसेच केवळ परिमेय संख्या घेतल्यास रेषेत फटी राहतात, म्हणून x³ − 2 ला परिमेय मूळ मिळत नाही.