१४. ‘पंधरास एक’ चढ
औट्रम घाट हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नडहून चाळीसगावकडे, म्हणजे मराठवाड्यातून खानदेशात उतरणारा घाट. या घाटाच्या संदर्भात आलेला ‘पंधरास एक’ चढ म्हणजे १५ फूट आडव्या अंतरात १ फूट उंची, शेकडेवारीत ६.६७ टक्के. हे ६.६७ अंश नव्हेत, केवळ ३.८ अंश आहेत. उंचीला आडव्या अंतराने भागून आलेल्या ०.०६६७ चा tan⁻¹ काढावा, कॅल्क्युलेटरने ०.०६६६ दाखवले, तर तो रेडियनवर आहे असे समजावे. घाटरस्त्यांपुरते टक्क्यांना ०.५७३ ने गुणले तरी चालते. फार खड्या चढाला मात्र हा आडाखा लावू नये : १०० टक्के चढ ४५ अंशांचा असतो, आणि गुणाकार ५७ सांगतो. — संपा.