छपराचं वजन आणि भूकंप: किल्लारीच्या माळवदाचं गणित

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. तीव्रता साधारण ६.२. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि विसर्जन आटोपून लोक झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. या घरांचं छप्पर म्हणजे माळवद, कुठे त्याला धाबं म्हणतात. लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण यामागचं मूळ गणित आपण कॉलेजात शिकलेलंच आहे:

```
F = m × a
```

भूकंपात जमीन आडवी हलते. छप्पर मात्र जडत्वामुळे जागेवरच राहू पाहतं. त्याला जमिनीबरोबर ओढण्यासाठी लागणारा जोर भिंतींना आणि खांबांना द्यावा लागतो. वजन दुप्पट, तर हा आडवा जोरही दुप्पट. शिवाय तो भिंतीच्या माथ्यावर लागतो, म्हणजे भिंत उलथायला सगळ्यात सोयीच्या जागी.

आता ३ × ५ मीटरची, म्हणजे १५ चौरस मीटरची एक खोली घेऊ. आडवा धक्का छपराच्या वजनाच्या २० टक्के धरू. आकडे ढोबळ आहेत.

| छप्पर | वजन | आडवा जोर |
|---|---|---|
| ६० सेंमी मातीचं माळवद | १४.४ टन | २.९ टन |
| १२ सेंमी काँक्रीट स्लॅब | ४.५ टन | ०.९ टन |
| मंगलोरी कौलं, लाकडासह | १ टन | ०.२ टन |
| पत्रा, सांगाड्यासह | ०.२ टन | ०.०५ टनाहून कमी |

माळवद इतकं जड का झालं? माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते. पण पावसात गळू नये म्हणून दरवर्षी वर नवी माती टाकायची आणि जुनी तशीच ठेवायची. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं की थर अर्धा मीटर ओलांडतो.

खाली भिंती होत्या दगड-मातीच्या. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड बऱ्याच ठिकाणी नव्हतेच. हादरा बसल्यावर थर सुटे झाले, भिंत फुगली आणि कोसळली. जिथे माळवदाला स्वतंत्र लाकडी खांब होते आणि ते टिकले, तिथे काही घरांत भिंती पडूनही छप्पर वरच राहिलं.

मग पत्रा टाकला की झालं? नाही. वरच्याच खोलीच्या भिंती ४५ सेंमी जाड आणि अडीच मीटर उंच धरल्या, तर त्यांचं वजन ४० टनांच्या आसपास जातं. तो आडवा जोर पत्र्याने कमी होत नाही. मातीत रचलेली भिंत पत्र्याखालीही पडू शकते. फरक इतकाच की वरून १४ टन माती अंगावर येत नाही. त्यातही वाऱ्याने उडू नये म्हणून लोक पत्र्यावर मोठे दगड ठेवतात. हेच दगड हादऱ्यात खाली येतात. पत्रा सांगाड्याला हुक-बोल्टने आणि सांगाडा भिंतीला नीट बांधणं हा त्यावरचा उपाय.

उलट, स्लॅब जड असला तरी तो अखंड असतो आणि चारही भिंतींना एकत्र धरू शकतो. अट अशी की भिंती सिमेंटमध्ये बांधलेल्या हव्यात, आणि दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींमधून फिरणारा सळयांचा काँक्रीट पट्टा हवा. मातीच्या जुन्या भिंतींवर नुसता स्लॅब ओतणं मात्र धोक्याचंच.

गावी माळवदाचं घर असेल तर झरोक्याच्या कडेला मातीचा थर मोजा. भिंतीला ओळंबा लावून पोट सुटलंय का ते बघा. थर २० सेंमीवर आणला, तर आपल्या खोलीवरचे ९.६ टन उतरतात आणि आडवा जोर २.९ वरून जवळपास १ टनावर येतो. माती सगळीकडून सारखी काढायची, एकाच बाजूची नाही. गळती थांबवायला उरलेल्या मातीत प्लास्टिकचा जाड कागद घालायचा. सोबत खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे टेकू ठोकायचे आणि भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड किंवा काँक्रीटचे जोड बसवायचे. हे दुसरं काम जाणत्या गवंड्याकडून आणि इंजिनिअरला दाखवूनच करा, कारण फुगलेल्या भिंतीतला दगड काढताना ती अंगावर येऊ शकते.