दहा मिनिटांची खुर्ची

नाट्यगृहाच्या खिडकीवर कागदी प्लॅन असायचा, तेव्हा खुर्ची धरून ठेवणं सोपं होतं. तुम्ही पाकीट काढेपर्यंत खिडकीतला माणूस त्या चौकटीवर पेन्सिल टेकवून बसायचा. पैसे कमी पडले की तुम्ही बाजूला, आणि पेन्सिल वर. गिऱ्हाईक गेलं हे त्याला दिसायचं. हे ‘दिसणं’ संपल्यावर काय झालं, तेवढंच आज बघू.

पहिला टप्पा विमानांचा. १९५३ साली अमेरिकन एअरलाइन्सचे सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे ब्लेअर स्मिथ एका विमानप्रवासात भेटले. त्या ओळखीतून पुढे ‘सेबर’ ही आरक्षण यंत्रणा आली आणि १९६४ पर्यंत पूर्ण चालू झाली. पण तिथेही टर्मिनलपुढे कंपनीचा माणूस होता. प्रवासी नको म्हणाला, की तो व्यवहार बंद करायचा.

वेबवर हा मधला माणूसच गेला. संगणकातलं जुनं उत्तर होतं कुलूप: एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. पण ब्राउझर बंद करणारा कुलूप उघडून जात नाही ना! १९८९ साली स्टॅनफर्डमध्ये केरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी, फाइलींच्या प्रती सांभाळण्यासाठी, ‘लीज’ मांडलं. लीज म्हणजे मुदतीचा पट्टा. घेणारा गप्प झाला तरी मुदत संपताच हक्क जातो. खुर्चीची दहा मिनिटं याच तत्त्वावर चालतात.

आता एक उदाहरण घेऊ. तुम्ही ८ वाजता खुर्ची निवडली. सर्व्हरने नोंद केली: ८:१० पर्यंत यांची. तुमच्या पडद्यावरचं घड्याळ ही फक्त त्या नोंदीची सावली. मोबाइलची वेळ मागे केलीत, तरी खुर्ची ८:१० लाच सुटणार. ती सोडायला कुणी यावंही लागत नाही. पुढचा माणूस तीच खुर्ची मागतो, तेव्हा सर्व्हर मुदत बघतो. संपली असेल, तर त्याला देतो.

गोची शेवटच्या क्षणाला आहे. तुम्ही ८:०९:५० ला यूपीआयने पैसे पाठवले. ८:१०:०५ ला खुर्ची दुसऱ्याने धरली. बँकेचा होकार आला ८:१०:२० ला. पैसे गेले, खुर्चीही गेली!

म्हणून नीट बांधलेली यंत्रणा दोन गोष्टी करते. पैसे भरायला सुरुवात होताच ती आतल्या आत मुदत थोडी वाढवते, पडद्यावर मात्र जुनीच दाखवते. आणि होकार आल्यावर खुर्ची अजून त्याच व्यवहाराच्या नावावर आहे का, हे पुन्हा तपासते. नसेल, तर तिकीट न देता पैसे परत पाठवते. हा दुसरा तपास विसरला, की एकाच खुर्चीची दोन तिकिटं निघतात. आणि ते कळतं कधी? तिसरी घंटा झाल्यावर, दोघं एकाच खुर्चीपाशी उभे राहतात तेव्हा.