दोन केबल, एक वाट

दोन स्विचमध्ये एक केबल कमी पडते, म्हणून शेजारी दुसरी जोडली. वेग दुप्पट व्हायला हवा. पण इथरनेटच्या सुरुवातीच्या काळात अशी दुसरी केबल सगळं नेटवर्क बंद पाडत असे. सर्वांसाठी असलेली फ्रेम स्विच आलेल्या पोर्टखेरीज बाकी प्रत्येक पोर्टवर सोडतो. दोन वाटा असल्या की ती एकीने जाते, दुसरीने परत येते आणि पुन्हा निघते. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादाच नाही, त्यामुळे हे फिरणं थांबत नाही आणि काही क्षणांत खऱ्या कामाला जागा उरत नाही. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये यावर स्पॅनिंग ट्री हा उपाय शोधला. तो जास्तीची वाट ओळखून बंद ठेवतो. नेटवर्क वाचलं, पण दुसरी केबल पहिली तुटेपर्यंत नुसती लटकत राहिली.

ती कामाला लावली कल्पना नावाच्या कंपनीने. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी कॅलिफोर्नियात उभारलेल्या या कंपनीला भारद्वाजांच्या पत्नीचं नाव दिलेलं होतं. १९९० च्या सुमारास तिने सात पोर्टांचा इथरस्विच बाजारात आणला. अनेक पोर्टांचा तो पहिला इथरनेट स्विच. प्रत्येक पोर्टला पूर्ण १० मेगाबिट मिळू लागले आणि लगेच नवी अडचण उभी राहिली: दोन स्विच एकमेकांना जोडायचे, तर त्यांच्यामधली वाटही १० मेगाबिटचीच. १०० मेगाबिटच्या इथरनेटचं मानक यायला १९९५ उजाडलं. तोवर थांबण्याऐवजी कल्पनाने अनेक केबलींची एक जुडी बांधली आणि तिला इथरचॅनल म्हटलं. यातली खुबी अशी की स्पॅनिंग ट्रीला ही जुडी एकच पोर्ट म्हणून दाखवायची. त्याला एकच वाट दिसते, म्हणून तो काहीच बंद करत नाही. १९९४ मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली आणि हे तंत्र सगळीकडे पोचलं.

खरा पेच वाटणीचा होता. पहिली फ्रेम पहिल्या केबलवर, दुसरी दुसऱ्या केबलवर, अशी आळीपाळीने वाटणी सगळ्यात न्याय्य वाटते. पण फ्रेम लहानमोठ्या असतात, ६४ बाइटपासून १५१८ बाइटपर्यंत. मोठी एका केबलवर अजून निघतेच आहे, तोवर तिच्या मागची लहान दुसऱ्या केबलने पुढे पोचते. क्रम उलटतो. त्या काळातले काही प्रोटोकॉल उलटा क्रम सहनच करू शकत नव्हते. टीसीपी सहन करतो, पण तीनदा तीच पोच परत आली की पाकीट हरवलं असं समजून तो आपला वेग उतरवतो. म्हणून नियम ठरला की एका संभाषणाच्या सगळ्या फ्रेम एकाच केबलने जायच्या. हे साधण्यासाठी स्विच फ्रेमवरचे पत्ते घेतो, त्यांवर छोटं गणित करतो आणि उत्तर येईल त्या केबलवर फ्रेम टाकतो. या गणिताला हॅश म्हणतात. पत्ते तेच तर उत्तर तेच, म्हणून वाटही तीच. कोणती केबल भरली आणि कोणती रिकामी, हे तो बघत नाही.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या रोलिंग मिलचं उदाहरण घेऊ. भट्टीच्या शेडमध्ये एक जुना १०० मेगाबिटचा स्विच, त्यावर १६ कॅमेरे. रेकॉर्डर ऑफिसमधल्या स्विचवर. प्रत्येक कॅमेरा ८ मेगाबिट पाठवतो, म्हणजे एकूण १२८. एका केबलला हे झेपत नाही, म्हणून दोन केबलींची जुडी केली. तरीही चित्र अडखळतं.

बसवणाऱ्याने पत्ते लक्षात राहावेत म्हणून दहा-दहाच्या टप्प्याने दिले आहेत. रेकॉर्डर `192.168.1.10`, कॅमेरे `192.168.1.20`, `192.168.1.30` असे `192.168.1.170` पर्यंत. समजा, शेडमधल्या स्विचमध्ये दोन केबलींसाठी हॅश म्हणजे दोन्ही आयपी पत्त्यांच्या शेवटच्या बिटांचा एक्सॉर: बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. सम आकड्याचा शेवटचा बिट ० असतो आणि इथे सगळेच आकडे सम आहेत. सोळाही कॅमेऱ्यांचं उत्तर ० येतं आणि सोळाही पहिल्या केबलवर जातात. स्विचच्या पानावर दोन्ही पोर्टांचे काउंटर पाहिले की हे लगेच कळतं: एक धावत असतो, दुसरा जवळजवळ जागच्या जागी. कॅमेऱ्यांना `192.168.1.20` ते `192.168.1.35` असे ओळीने पत्ते दिले की आठ सम, आठ विषम होतात आणि प्रत्येक केबलवर ६४ मेगाबिट येतात. नवी केबल नको, नवा स्विचही नको.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. फ्रेम कोणत्या केबलवर टाकायची हे पाठवणारा स्विच ठरवतो. कॅमेऱ्यांची चित्रं शेडमधून ऑफिसकडे येतात, तेव्हा हॅशची सेटिंग बदलायची असेल तर ती शेडमधल्या स्विचवर. ऑफिसमधल्या स्विचवर कितीही बदल केले तरी चित्रांच्या वाटणीत फरक पडणार नाही. परतीच्या फ्रेम वेगळ्या केबलने गेल्या तरी त्यात काही बिघडत नाही.

आणि एका संभाषणाला कधीच एका केबलपेक्षा जास्त वेग मिळत नाही. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर ५०० जीबीचा बॅकअप एकाच जोडणीने चालला असेल, तर एका गिगाबिट केबलवर त्याला साधारण सव्वा तास लागतो. जुडीत चार केबल असल्या तरी सव्वा तासच. जुडीचा फायदा संभाषणं अनेक असतील तेव्हा. एकट्याची घाई असेल तर १० गिगाबिटची एकच वाट घेणं हाच उपाय.

नव्वदच्या दशकात प्रत्येक कंपनीची जुडी बांधण्याची रीत वेगळी होती. आयईईईने २००० मध्ये ८०२.३एडी हे मानक काढलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकमेकांशी जुळू लागले. २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स या नावाखाली गेलं. २००० च्या मानकाने हॅश कोणता वापरायचा हे ठरवून दिलं नाही. क्रम मोडू नये, असं बंधन मात्र घातलं. सोबत एलएसीपी हा करार आणला: दोन्ही टोकं प्रत्येक केबलवरून ठरावीक वेळाने एकमेकांना निरोप पाठवतात, संथ पद्धतीत दर ३० सेकंदांनी, जलद पद्धतीत दर सेकंदाला. तीन निरोप चुकले की ती केबल जुडीतून बाहेर पडते.

कारखान्यात याची गरज जास्त असते. शेड ते ऑफिस अंतर १०० मीटरच्या पुढे गेलं की तांब्याची केबल चालत नाही, फायबर टाकतात आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर बसवतात. मधे फायबर तुटलं, तरी स्विच आणि कन्व्हर्टर यांच्यामधली तांब्याची जोडणी शाबूत असते, म्हणून पोर्टचा दिवा बऱ्याचदा पेटलेलाच राहतो. जुडी हाताने पक्की केलेली असेल तर स्विच त्या मेलेल्या वाटेवर फ्रेम टाकतच राहतो. मग आठ कॅमेरे दिसतात, आठ गायब होतात, आणि दोष कॅमेऱ्यांवर जातो. एलएसीपी चालू असेल तर जलद पद्धतीत तीन सेकंदांत, संथ पद्धतीत दीड मिनिटात ती केबल वगळली जाते आणि सगळे कॅमेरे उरलेल्या केबलवर येतात. चित्र अडखळेल, पण एकही कॅमेरा पूर्ण गायब होणार नाही.

तुमच्या कारखान्यात किंवा कॉलेजात अशी जुडी असेल, तर दोन्ही टोकांना एलएसीपी लावलेला आहे का ते आजच पाहा, आणि दिव्यावर विश्वास न ठेवता प्रत्येक पोर्टचा काउंटर वेगळा वाचा.