आयपी शीर्षभाग, चौथ्या आवृत्तीचा

आयपी शीर्षभाग, चौथ्या आवृत्तीचा : इंटरनेटवरून जाणारी माहिती लहानलहान पॅकेटांत विभागून पाठविली जाते. प्रत्येक पॅकेटाच्या आरंभी त्याचा मार्ग ठरविण्यासाठी लागणारी माहिती ठराविक क्रमाने नोंदलेली असते. या नोंदीस शीर्षभाग असे म्हणतात. वाटेतील राउटर पॅकेटातील मूळ मजकूर वाचत नाही. शीर्षभागातील काही रकाने वाचून व त्यांपैकी एकदोन बदलून तो पॅकेट पुढे धाडतो. येथे इंटरनेट प्रोटोकॉलच्या (आयपीच्या) चौथ्या आवृत्तीतील शीर्षभागाची रचना आणि पॅकेट पुढे जात असताना तिचा होणारा उपयोग यांचा विचार केला आहे. ही आवृत्ती १९८१ मध्ये निश्चित झाली असून तिच्यानंतर सहावी आवृत्ती आली, तरी ती अद्याप मोठ्या प्रमाणावर वापरात आहे.

पूर्वेतिहास : भिन्न रचनेची संगणकीय जाळी परस्परांस जोडण्याची कल्पना व्हिंटन सर्फ व रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडली. त्या वेळी पॅकेट पोहोचविणे आणि ते न हरवता क्रमाने मिळाल्याची खात्री करणे ही दोन्ही कामे एकाच संकेतप्रणालीकडे होती. १९७८ मध्ये ती वेगळी करण्यात आली. खात्री करण्याचे काम टोकांवरील संगणकांकडे, म्हणजे टीसीपीकडे गेले आणि केवळ पुढे धाडण्याचे काम आयपीकडे राहिले. जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या ‘आरएफसी ७९१’ या सप्टेंबर १९८१ च्या दस्तऐवजात शीर्षभागाचा आराखडा नमूद आहे. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट हे जाळे या प्रणालीवर आले.

या विभागणीचा परिणाम शीर्षभागावर स्पष्ट दिसतो. वाटेतील राउटरने कोणत्याही संभाषणाची आठवण ठेवावयाची नाही, असे ठरल्यामुळे त्याला लागणारी सर्व माहिती प्रत्येक पॅकेटाने स्वतःबरोबर वाहून नेणे आवश्यक झाले. राउटर बंद पडला, तरी पुढचे पॅकेट दुसऱ्या वाटेने जाऊ शकते, ते यामुळेच. तथापि आराखड्यात राउटरकडे दोन कष्टाची कामे राहिली : प्रत्येक टप्प्यावर पडताळा-बेरीज नव्याने लिहिणे व गरज पडल्यास पॅकेटाचे तुकडे करणे. शीर्षभागाचा पुढील इतिहास बव्हंशी या दोन कामांचा आहे.

रचना : शीर्षभाग किमान २० बाइटांचा असतो. पुढील उदाहरणात एका पॅकेटाचा शीर्षभाग षोडशमान पद्धतीने, दोनदोन बाइटांचा एक असे दहा गट करून दिला आहे.

```
4500 05DC 1C46 0000 4006
6C84 C000 020A C633 6414
```

पहिला अंक ४ हा आवृत्तीचा क्रमांक होय. पुढील ५ हा अंक शीर्षभागाची लांबी चार बाइटांच्या एककात सांगतो. म्हणजे ती २० बाइट आहे. या रकान्यात जास्तीत जास्त १५ ही संख्या मावते, त्यामुळे शीर्षभाग ६० बाइटांपेक्षा मोठा होऊ शकत नाही. २० बाइटांनंतरची जागा पर्यायी नोंदींसाठी असते. अशा नोंदी असलेली पॅकेटे वेगवान यंत्रणेला हाताळता येत नसल्याने पुष्कळ राउटर त्यांना सावकाश मार्गाने नेतात किंवा टाकून देतात. परिणामी या जागेचा प्रत्यक्ष वापर फारच थोडा झाला.

दुसरा बाइट सेवेच्या प्रकारासाठी होता. प्राधान्य, विलंब, वेग व विश्वसनीयता यांविषयीची पाठविणाऱ्याची अपेक्षा त्यात नोंदावयाची होती. १९९८ मध्ये त्यातील सहा बिटांना नवा अर्थ देण्यात आला व २००१ मध्ये उरलेले दोन बिट वाटेतील गर्दीची सूचना देण्यासाठी राखण्यात आले. राउटरसमोरील रांग वाढू लागली, तर पाठविणाऱ्याने तशी मुभा दिली असल्यास राउटर पॅकेट टाकून देण्याऐवजी या बिटांत खूण करतो.

`05DC` म्हणजे १,५०० ही पॅकेटाची एकूण लांबी होय. या रकान्याची गरज इथरनेटवरून समजते. इथरनेटच्या चौकटीत किमान ४६ बाइटांचा मजकूर असावा लागतो. पॅकेट त्याहून लहान असल्यास शेवटी निरर्थक भर घातली जाते. खरे पॅकेट कोठे संपते, हे केवळ एकूण लांबीवरून कळते.

पुढील दोन गट, `1C46` व `0000`, तुकड्यांशी संबंधित आहेत. त्यांचा विचार पुढे केला आहे. `40` म्हणजे ६४ ही आयुर्मर्यादा होय. `06` हा अंक आतील मजकूर टीसीपीचा आहे असे सांगतो. त्याचा उपयोग मुख्यतः शेवटच्या संगणकाला होतो. `6C84` ही पडताळा-बेरीज आहे. अखेरच्या आठ बाइटांत पाठविणाऱ्याचा पत्ता `192.0.2.10` व गंतव्य पत्ता `198.51.100.20` हे आहेत.

राउटरमधील क्रम : पॅकेट आल्यावर राउटर आवृत्ती, लांबी व पडताळा-बेरीज तपासतो. त्यांत चूक आढळल्यास पॅकेट टाकून दिले जाते. गंतव्य पत्ता बिघडलेला असेल, तर पाठविणाऱ्याचा पत्ताही विश्वासार्ह मानता येत नाही. म्हणून पडताळा चुकल्याची सूचना कोणालाही पाठविली जात नाही.

नंतर गंतव्य पत्ता मार्गसूचीत शोधला जातो. १९८१ च्या योजनेत पत्त्याच्या आरंभीच्या बिटांवरून त्याचा वर्ग व जाळ्याचा भाग ठरत असे. १९९३ मध्ये ही वर्गपद्धती सोडण्यात आली. तेव्हापासून सूचीतील ज्या नोंदीचे आरंभीचे सर्वाधिक बिट पत्त्याशी जुळतात, ती नोंद निवडली जाते. शीर्षभागातील पत्त्याची जागा मात्र तीच राहिली. बदलली ती वाचण्याची रीत. सर्वसामान्य राउटर दोन्ही पत्त्यांना हात लावत नाही. खाजगी जाळ्याच्या सीमेवर पत्ते बदलून देणारी यंत्रणा हा यास अपवाद आहे.

यानंतर आयुर्मर्यादा कमी केली जाते. मूळ आराखड्यात ही मर्यादा सेकंदांत होती. परंतु पॅकेट एका सेकंदाच्या आत हातावेगळे झाले, तरी किमान एक वजा करावा असा नियम होता. राउटर वेगवान झाल्यावर हा रकाना व्यवहारात टप्प्यांची मोजणीच ठरला. मार्गसूच्यांतील चुकीमुळे पॅकेट दोन राउटरांमध्ये फेऱ्या मारू लागले, तर मर्यादा शून्यावर येताच ते टाकले जाते व पाठविणाऱ्यास आयसीएमपी संदेशाने तसे कळविले जाते. वाट शोधण्याची ‘ट्रेसराउट’ ही आज्ञा याच संदेशावर आधारलेली आहे. ती १, २, ३ अशा वाढत्या मर्यादेची पॅकेटे पाठविते आणि कोणत्या राउटरकडून नकार आला, हे क्रमाने नोंदते. त्या यादीत तेच दोन राउटर आलटून पालटून दिसू लागले, तर पॅकेट फेऱ्यात सापडले आहे असे समजावे.

पडताळा-बेरीज : ही बेरीज काढताना तिचा स्वतःचा रकाना शून्य धरून सर्व गट मिळवितात. सोळा बिटांबाहेर गेलेला हातचा पुन्हा बेरजेत मिळवितात व अखेरीस प्रत्येक बिट उलटा करतात. वरील उदाहरणात गटांची बेरीज `29379` येते. हातचा २ मिळवून ती `937B` होते व बिट उलटल्यावर `6C84` मिळते. आता राउटरने आयुर्मर्यादा ६४ वरून ६३ केली, म्हणजे `4006` या गटाचे `3F06` झाले. बेरीज `0100` ने घटली, म्हणून पडताळा-बेरीज `0100` ने वाढून `6D84` होते. सर्व गट पुन्हा मिळविण्याची गरज राहत नाही.

ही सोपी रीत १९९० मध्ये आरएफसीच्या रूपाने प्रसिद्ध झाली. पण तिच्यात एक सूक्ष्म दोष होता. या गणितात शून्य दोन प्रकारे लिहिता येते, `0000` आणि `FFFF`. काही विशिष्ट संख्यांच्या बाबतीत पूर्ण बेरजेने `0000` येत असता सोप्या रीतीने `FFFF` येई. १९९४ मध्ये सूत्राची दुरुस्ती करण्यात आली. पडताळ्यासही मर्यादा आहेत. तो केवळ शीर्षभागापुरता असून मजकुराचे रक्षण करीत नाही. तसेच दोन गटांची अदलाबदल झाल्यास बेरीज तीच राहते व चूक लक्षात येत नाही.

विखंडन : पुढच्या दुव्यावरून एका वेळी जास्तीत जास्त ६२० बाइट जाऊ शकतात असे मानू. उदाहरणातील १,५०० बाइटांपैकी मजकूर १,४८० बाइटांचा आहे. प्रत्येक तुकड्यास २० बाइटांचा स्वतंत्र शीर्षभाग लागत असल्याने मजकुराचे ६००, ६०० व २८० बाइटांचे तीन भाग पडतात. तिन्ही तुकड्यांवर `1C46` हा ओळखक्रमांक तोच राहतो, त्यावरून ते एकाच पॅकेटाचे असल्याचे कळते. तुकड्याचे स्थान आठ बाइटांच्या एककात लिहितात, म्हणून स्थाने ०, ७५ व १५० अशी येतात. आठाचे एकक घेण्याचे कारण जागेत आहे. एकूण लांबीस १६ बिट आहेत; तीन बिट खुणांसाठी दिल्यावर स्थानासाठी १३ च उरतात. ‘आणखी तुकडे आहेत’ ही खूण पहिल्या दोन तुकड्यांवर असते, शेवटच्यावर नसते. त्यामुळे `0000` या गटाच्या जागी अनुक्रमे `2000`, `204B` व `0096` लिहिले जातात.

तुकडे वाटेत जोडले जात नाहीत, कारण ते वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. जोडणी गंतव्य संगणकच करतो. एक तुकडा हरवला की उरलेले दोन व्यर्थ जातात. क्रिस्टोफर केंट व जेफ्री मोगल यांनी १९८७ मध्ये विखंडन हानिकारक असल्याचे प्रतिपादन केले. १९९० मध्ये वाटेवरील सर्वांत अरुंद दुव्याची मर्यादा आधीच शोधण्याची पद्धत ठरविण्यात आली. तीत पाठविणारा ‘तुकडे करू नयेत’ ही खूण लावतो. पॅकेट मावत नसल्यास राउटर ते टाकतो आणि पुढील दुव्याची मर्यादा आयसीएमपी संदेशातून कळवितो.

या पद्धतीत एक वेगळाच बिघाड संभवतो. सुरक्षेच्या हेतूने काही ठिकाणी सर्व आयसीएमपी संदेश अडविले जातात. मग मोठी पॅकेटे नाहीशी होतात आणि पाठविणाऱ्यास कारण कळत नाही. त्याचे लक्षण ठळक असते : संबंध प्रस्थापित होतो, लहान संदेश ये-जा करतात, परंतु मोठी फाइल पाठवू लागताच सर्व थांबते. निरनिराळ्या आकारांची पॅकेटे ही खूण लावून पाठविली आणि ठराविक आकारापलीकडे उत्तर येईनासे झाले, तर निदान पक्के होते. यावर उपाय म्हणून, संदेशावर अवलंबून न राहता टोकावरील संगणकानेच क्रमाने आकार वाढवून पाहण्याची रीत २००७ मध्ये सुचविण्यात आली.

सहाव्या आवृत्तीतील बदल : १९९५ मध्ये प्रथम निश्चित झालेल्या सहाव्या आवृत्तीत मुख्य शीर्षभाग ४० बाइटांचा व स्थिर लांबीचा करण्यात आला. दुवे व वरचे थर स्वतंत्र पडताळा करीतच असल्याने शीर्षभागातील पडताळा-बेरीज वगळण्यात आली. राउटरने तुकडे करण्याचे बंद झाले. आवश्यक असल्यास पाठविणाराच ते करतो. आयुर्मर्यादेस ‘टप्प्यांची मर्यादा’ असे तिच्या प्रत्यक्ष कार्यास साजेसे नाव मिळाले. अशा प्रकारे १९८१ च्या आराखड्याने राउटरवर ठेवलेली दोन कष्टाची कामे काढून घेण्यात आली. परंतु पॅकेटाने आपली सर्व माहिती स्वतःबरोबर न्यावी व राउटरने काही लक्षात ठेवू नये, हे मूळ तत्त्व कायम राहिले.