वंध्यत्व तपासणीची वेळ (हरसूल परिसर)

मूल हवे असलेल्या जोडप्याने डॉक्टरकडे केव्हा जावे, हे प्रामुख्याने दोन गोष्टींवरून ठरते: बाईचे वय आणि तिच्या पाळीची लय. वय ३५ च्या आत असेल आणि पाळी नियमित येत असेल, तर कोणतेही साधन न वापरता बारा महिने प्रयत्न करून मग तपासणीला जावे. वय ३५ ते ३९ असेल तर सहा महिन्यांनी जावे. चाळिशी गाठली असेल किंवा पाळीच नीट येत नसेल, तर वाट पाहू नये. नियम एवढाच आहे. पण नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या सीमेकडे असलेल्या हरसूलच्या पाड्यांवर तो लावायला गेले की ‘बारा महिने’, ‘वय’ आणि ‘नियमित’ हे तिन्ही शब्द मोजून घ्यावे लागतात. उशिरा येणारी जोडपी आणि विनाकारण धास्तावलेली जोडपी, दोन्ही बहुधा या मोजणीतच चुकलेली असतात.

बारा महिन्यांचा आकडा सरासरीवरून आला आहे. तरुण, निरोगी जोडप्यांपैकी शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांना पहिल्या वर्षात दिवस राहतात. उरलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी काही उपचार न करता दुसऱ्या वर्षात पाळणा हलतो. एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चांगल्या वयातही फार तर चार-पाचांत एक असते. त्यामुळे लग्नानंतर चार महिन्यांनी सासूने ‘अजून काही नाही का?’ विचारले, तरी त्या सुनेत काही दोष आहे असे म्हणायला शास्त्राचा काडीचाही आधार नसतो.

मात्र हे बारा महिने एकत्र राहिल्याचे आहेत, लग्नपत्रिकेवरच्या तारखेपासूनचे नव्हेत. या भागातली भातशेती पावसावर चालते. ती आटोपली की अनेक कुटुंबांतली माणसे द्राक्षबागांवर आणि बांधकामांवर मजुरीला उतरतात. दोघे बरोबर गेले तर प्रश्न नाही. पण नवरा ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्चच्या खुड्यापर्यंत बागेवर आणि बायको पाड्यावर असेल, तर वर्ष उलटले तरी प्रयत्नांचे महिने सहाच भरतात. गावातल्या मुक्कामातही दिवस राहण्याजोगे दिवस महिन्याला सहाच: बीजांड बाहेर पडण्याआधीचे पाच आणि तो एक. शुक्राणू आत चार-पाच दिवस तग धरतात, बीजांड मात्र जेमतेम एक दिवस टिकते. बागेवरून दोन दिवसांसाठी आलेला नवरा त्या सहा दिवसांत सापडेलच असे नाही. अशा जोडप्याने एकत्र राहिलेले महिने मोजावेत. पण दरवर्षी हीच ताटातूट होणार असेल, तर बारा भरण्यासाठी दोन-तीन वर्षे घालवू नयेत. तिशी ओलांडली असल्यास वर्षाच्या शेवटी एकदा दाखवून घेणे शहाणपणाचे.

मोजणीत आणखी एक खोट गर्भनिरोधकांमुळे येते. सरकारी दवाखान्यात दर तीन महिन्यांनी मिळणारे ‘अंतरा’ इंजेक्शन थांबवल्यावर पाळी आणि बीजांडाची लय परतायला वेळ लागतो. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने जातात, कधी त्याहून जास्त. ‘इंजेक्शनने पिशवी खराब झाली’ ही कुजबुज याच उशिरातून निघते. पिशवी खराब होत नाही, औषध शरीरातून हळू उतरते. तांबी काढल्यावर मात्र असा उशीर नसतो, महिने लगेच मोजायला घ्यावेत.

आता वय. पस्तिशीची रेघ ओढली आहे, कारण बाई जन्मतःच ठरावीक बीजांडे घेऊन येते आणि नवी तयार होत नाहीत. तिशीनंतर त्यांची संख्या आणि प्रत दोन्ही उतरू लागतात, पस्तिशीनंतर अधिक वेगाने. गर्भपाताचे प्रमाणही वयाबरोबर वाढते. पंचविशीत वाट पाहण्यात सहा महिने गेले तर फारसे बिघडत नाही, अडतिसाव्या वर्षी त्याच सहा महिन्यांची किंमत मोठी असते. म्हणून मुदत निम्मी केली आहे. यात कागदोपत्री वयाची अडचण येते. महाराष्ट्रातल्या खेड्यांत कित्येकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर ती अंदाजाने घातली आणि तीच पुढे आधार कार्डावर चढली. कागदावर चौतीस असलेली बाई प्रत्यक्षात छत्तीसची असू शकते. पस्तिशीच्या आसपास शंका असेल, तर जास्तीचे वय खरे धरून सहा महिन्यांचाच नियम लावावा. तपासणी थोडी लवकर झाल्याने नुकसान होत नाही.

पाळीचे गणित जरा सावकाश पाहू. पाळीचे अंतर म्हणजे एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे दिवस. अंगावरून जाणे थांबल्यापासून मोजले तर हिशेब चुकतो. अंतर साधारण २१ ते ३५ दिवसांचे असेल आणि दर वेळी थोडेच मागेपुढे होत असेल, तर बीजांड दर महिन्याला बाहेर पडत असावे असे धरतात. समजा, एकोणतीस वर्षांच्या एका बाईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या: ४ जून, ८ जुलै, १२ ऑगस्ट, १५ सप्टेंबर. अंतरे निघाली ३४, ३५ आणि ३४ दिवस. ‘दर महिन्याला तारीख पुढे सरकते, म्हणजे पाळी बिघडली’ असे तिला वाटेल, पण ही पाळी लांब असली तरी नियमित आहे. तिने बारा महिन्यांचाच नियम पाळावा.

या खुणांचा दुसराही उपयोग आहे. बीजांड बाहेर पडल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ बहुतेकींत सुमारे चौदा दिवसांचा असतो, कमीजास्त होतो तो त्याआधीचा काळ. म्हणून ३४ दिवसांच्या पाळीत बीजांड चौदाव्या नव्हे, विसाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडते आणि महत्त्वाचे दिवस पंधराव्यापासून विसाव्यापर्यंत येतात. ‘चौदावा दिवस’ ऐकून तेवढाच पाळणारे जोडपे महिनोन्‌महिने चुकीच्या दिवसावर थांबते. तपासणीतही हीच चूक होते. बीजांड बाहेर पडले की नाही हे पाहण्यासाठी रक्तातले प्रोजेस्टेरॉन मोजतात आणि चिठ्ठीवर सवयीने ‘एकविसावा दिवस’ लिहिले जाते. तो दिवस २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. या बाईचे रक्त एकविसाव्या दिवशी घेतले तर बीजांड नुकतेच सुटलेले असेल, आकडा कमी येईल आणि ‘बीज बनत नाही’ असा शिक्का विनाकारण बसेल. तिचे रक्त पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी, म्हणजे सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यायला हवे.

दुसरी बाई चोवीस वर्षांची आहे आणि तिची अंतरे ४०, ६७ आणि ५२ अशी आहेत. तिने बारा महिने थांबण्यात काही अर्थ नाही. तिच्या वर्षात बीजांड चार-पाच वेळा सुटत असेल, कदाचित एकदाही नाही. तीन महिने पाळीच न येणे, एकवीस दिवसांच्या आत पुन्हा येणे, कधी लवकर तर कधी दीड महिन्याने येणे, या सगळ्यांत वय कितीही असो, प्रयत्न सुरू करतानाच दाखवावे. पाळी चुकल्यावर पहिली तपासणी मात्र गर्भाचीच करायची. त्यानंतर थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि पीसीओएसचा विचार होतो. यातली बरीच कारणे गोळ्यांनी आटोक्यात येतात, म्हणून इथे वाया घालवलेले वर्ष विशेष खटकते.

पाळी नियमित असूनही न थांबण्याची कारणे आहेत. पाळीत काम सोडून आडवे व्हावे इतके दुखणे, ओटीपोटात पूर्वी झालेले ऑपरेशन किंवा संसर्ग, नळीत राहिलेला गर्भ, कॅन्सरचे उपचार. आपल्याकडे या यादीत क्षयरोग घालावाच लागतो. फुप्फुसांतला क्षय बरा झालेला असतो, पण जंतू गर्भनलिकांत पोहोचून त्या बंद करू शकतात आणि बाईला त्याचे काही लक्षणही जाणवत नाही. स्वतःला क्षय होऊन गेला असेल किंवा घरात कोणाला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. नवऱ्याच्या बाजूने गालगुंडांत वृषण सुजलेले असणे, लहानपणी वृषण खाली न उतरणे, हर्नियाचे ऑपरेशन किंवा संबंधांत अडचण असेल, तरीही वाट पाहू नये.

याच्या उलट टोकाला कोवळ्या वयात लग्न झालेल्या मुली येतात. पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षे ती अनियमित असणे स्वाभाविक आहे. अठराच्या आतले लग्न कायद्याने गुन्हा आहे आणि अशा मुलीला मूल राहत नाही म्हणून औषधे देणे तर चूकच. तिला दिवस राहू नयेत यासाठी मदत हवी असते.

तपासणीची सुरुवात हरसूलच्या ग्रामीण रुग्णालयापासून करता येते: दोघांची माहिती, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन. या पट्ट्यात सिकलसेल आढळतो, म्हणून दोघांची ती तपासणीही याच वेळी उरकावी. पुढचे बरेच काम मात्र नाशिकला जाऊनच होते. त्यात बाईच्या नळ्या तपासण्याआधी नवऱ्याचे वीर्य तपासायला हवे, कारण मूल न होण्यात निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो आणि ही तपासणी स्वस्त व बिनदुखण्याची आहे. व्यवहारात होते उलटेच. बाई भगताकडे जाऊन येते, दोन दवाखाने करते, तिच्या पिशवीत सोनोग्राफीचे तीन कागद जमतात आणि नवऱ्याची तपासणी राहूनच जाते.

वीर्यतपासणीत हरसूलकरांनी एक बाब विशेष जपावी. नमुना दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर द्यायचा असतो आणि तासाभरात तपासणीला लागला पाहिजे. घरी डबीत घेऊन एसटीने त्र्यंबकमार्गे नाशिक गाठेपर्यंत तास उलटून जातो, वाटेत तो गारठतो, शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि अहवाल खोटाच खराब येतो. नमुना प्रयोगशाळेतच द्यावा. गेल्या दोन-तीन महिन्यांत टायफॉइड किंवा मलेरियाचा मोठा ताप आला असेल तर तेही सांगावे, कारण शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि तापाचा परिणाम तेवढा काळ दिसतो. एका खराब अहवालावर निकाल देत नाहीत, साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात.

जोडप्याने दवाखान्यात एकत्रच जावे. सोबत मागच्या तीन-चार पाळ्यांच्या पहिल्या दिवसांच्या तारखा, एकत्र राहिलेल्या महिन्यांचा हिशेब आणि ‘अंतरा’ घेतले असल्यास शेवटच्या इंजेक्शनची तारीख न्यावी.