तळटीप: पॅनेलच्या पाठीवरची पट्टी

* छायाचित्रातली पट्टी धाकटी डहाणू येथील एका घराच्या छपरावरच्या सौर पॅनेलच्या पाठीमागची आहे. तिच्यावरचा ३३५ वॅट हा आकडा ३८ व्होल्ट आणि सुमारे ८.८ अँपिअर यांच्या गुणाकारातून येतो. मात्र तो प्रयोगशाळेत मोजलेला असतो: दर चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश. किनाऱ्यावर एप्रिलच्या दुपारी सेल सहज ६० अंशांपर्यंत तापतो. अशा पॅनेलची शक्ती दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के घटते. म्हणजे ३५ अंशांच्या फरकाला १४ टक्के घट, आणि तेवढ्याच कडक उन्हात हाती येतात सुमारे २८८ वॅट. पॅनेल बिघडले, असा समज येथूनच सुरू होतो. कार्यक्षमता पट्टीवर बहुधा छापत नाहीत, पण ती काढता येते. क्षेत्रफळ १.९४ चौरस मीटर असल्याने १,९४० वॅट प्रकाशातून ३३५ वॅट, म्हणजे १७.३ टक्के.

पट्टीवरच्या त्रिकोणातले विजेचे चिन्ह मात्र गांभीर्याने घ्यावे. भार नसताना या एका पॅनेलचा दाब ४६ व्होल्ट; असे दहा एका माळेत जोडले की ४६०. ऊन असेतो ही माळ जिवंतच असते, घरातला मेन स्विच बंद केला तरी. प्रवाह चालू असताना जोडणी ओढून काढली तर ठिणगीची कमान पेटते, आणि एकदिश प्रवाहात ती सहजी विझत नाही. आधी इन्व्हर्टर थांबवावा, मग डीसी स्विच बंद करावा. खाऱ्या हवेने हिरवट पडलेल्या जोडण्या तापू लागतात, त्यामुळे त्या अधूनमधून तपासून घ्याव्यात. — संपा.